प्रश्न संपायच्या आधीच आलेलं उत्तर

"गेल्या १२ महिन्यांत तुम्ही स्वतःच्या तब्येतीसाठी किती वेळा डॉक्टरांना दाखवलंत? रुग्णालयात दाखल…"
"चार-पाच वेळा."
"चार की पाच?"
"पाच धरा."
"बरं. पुढचा प्रश्न…"

एका आरोग्य सर्वेक्षणाच्या पायलटमधला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-फेरीतला, हा पंधरा सेकंदांचा तुकडा समजा. प्रश्नावलीत दुसरं वाक्य पूर्ण असं छापलेलं आहे: "रुग्णालयात दाखल असताना डॉक्टर तपासून गेले असतील तर त्या वेळा धरू नका." ते वाक्य समोरच्या व्यक्तीपर्यंत पोचलंच नाही. तिच्या 'पाच'मध्ये रुग्णालयातल्या फेऱ्या धरल्या आहेत की नाहीत, हे आता कुणालाच कळणार नाही. फॉर्मवर मात्र स्वच्छ ५ हा आकडा आहे. आकड्यांची फाइल पाहून इथे काही बिघडलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

पायलट संपल्यावर मुलाखतकारांना एकत्र बसवून "कुठले प्रश्न अडले?" असं विचारायची पद्धत सगळीकडे आहे. या प्रश्नाबद्दल त्या बैठकीत बहुतेक वेळा "काही अडचण नाही" असंच उत्तर येतं. यात खोटेपणा नसतो. अनुभवी मुलाखतकार अडणारा प्रश्न फिल्डवरच आपल्या परीने सरळ करून घेतो. दोन-तीन घरांनंतर त्याला ती अडचण जाणवेनाशी होते आणि आपण मजकूर बदलून वाचतोय हेही लक्षात राहत नाही. म्हणून त्याला विचारण्याऐवजी त्याची मुलाखत ऐकायची, आणि तीही मोजत. हेच वर्तन-कोडिंग, किंवा कामावर म्हणतात तसं 'बिहेवियर कोडिंग'.

पद्धत जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन विद्यापीठात चार्ल्स कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतीत प्रत्यक्ष काय बोललं जातं याची अशी नोंद करायला सुरुवात केली. पुढे तिचा उपयोग मुलाखतकारांचं काम तपासायला झाला: कोण प्रश्न जसाच्या तसा वाचतो, कोण सुचवून विचारतो. पण नोंदी साठत गेल्या तसं दिसलं की काही प्रश्न चांगले मुलाखतकारही चुकीचे वाचतात. दोष वाचणाऱ्यात नसून वाचायला दिलेल्या वाक्यात आहे. १९९१ साली ओक्सेनबर्ग, कॅनेल आणि कॅल्टन यांनी प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीसाठी ही पद्धत व्यवस्थित मांडून दाखवली, आणि मुलाखतकाराला तपासणारं साधन प्रश्नाला तपासणारं झालं.

नेमकं करायचं काय, ते वरच्या एकाच प्रश्नावर पाहू. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी मांडले आहेत.

पायलटमध्ये ४० मुलाखती आहेत, पाच मुलाखतकारांच्या प्रत्येकी आठ. सगळ्या परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेल्या. कोडर रेकॉर्डिंग ऐकतो आणि प्रत्येक प्रश्नासाठी दोन गोष्टी नोंदवतो: मुलाखतकाराने प्रश्न कसा वाचला, आणि त्यानंतर समोरच्याने पहिल्यांदा काय केलं. संपूर्ण संभाषण लिहून काढायची गरज नसते. हातात प्रश्नावली आणि कोडांचा तक्ता असला की ऐकता ऐकता खुणा करत जाता येतं.

वाचनासाठी तीनच कोड पुरतात: जसाच्या तसा, किरकोळ बदल, अर्थ बदलणारा बदल. ऐकायला सोपं आहे, पण कोडरांचे खरे वाद इथेच होतात. 'गेल्या १२ महिन्यांत'ऐवजी कुणी 'मागच्या १२ महिन्यांत' म्हणालं तर किरकोळ. 'गेल्या वर्षभरात' म्हणालं तरी किरकोळ, कारण ऐकणारा आजपासून मागे वर्षभरच मोजेल. पण 'गेल्या वर्षी' म्हटलं की डोळ्यासमोर मागच्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचं वर्ष येतं. तो अर्थ बदलणारा बदल. 'स्वतःच्या' हा शब्द गळला तर तोही मोठा बदल, कारण मग मुलाला दाखवायला नेलेल्या वेळाही मोजल्या जाऊ शकतात. असा प्रत्येक निर्णय कोडिंग सुरू करण्याआधी प्रश्नावार लिहून ठेवावा लागतो. 'अर्थ बदलला तर मोठा बदल' एवढ्याच सूचनेवर कोडरांना सोडलं तर प्रत्येक जण आपापली रेघ ओढतो.

समोरच्या व्यक्तीसाठी कोड थोडे जास्त लागतात. प्रश्न संपायच्या आधी उत्तर दिलं. खुलासा विचारला किंवा प्रश्न परत वाचायला सांगितला. प्रश्नाला हवं तसं उत्तर दिलं. उत्तर दिलं, पण 'बहुतेक', 'नक्की नाही' अशी पुस्ती जोडली. भलत्याच स्वरूपात उत्तर दिलं. माहीत नाही म्हणाली. नकार दिला. एकाच वाचनाला यांतले दोन कोडही लागू शकतात.

आणखी एक नियम आधीच ठरवायला हवा. समोरच्याने मध्येच उत्तर दिल्यामुळे प्रश्न अर्धा राहिला, तर मुलाखतकाराने मोठा बदल केला असं धरायचं का? धरू नये. जिथपर्यंत वाचलं तिथपर्यंतच वाचन तपासायचं, आणि तोडल्याची नोंद समोरच्याच्या रकान्यात करायची. हे दोन रकाने वेगळे ठेवल्यामुळेच पुढची गोष्ट दिसते.

आपल्या प्रश्नाच्या ४० वाचनांपैकी ११ वाचनांत अर्थ बदलणारा बदल आहे, म्हणजे २७.५ टक्के. मध्येच उत्तर आलंय ९ वेळा, २२.५ टक्के. खुलासा विचारलाय ८ वेळा, २० टक्के. आणि ७ वेळा, म्हणजे १७.५ टक्के, उत्तर भलत्याच स्वरूपात आलंय.

या क्षेत्रात एक चालत आलेला अंदाज आहे: एखादी अडचण १५ टक्के किंवा त्याहून जास्त वाचनांत दिसली तर तो प्रश्न दुरुस्तीसाठी काढायचा. १५ या आकड्यामागे कुठलंही प्रमेय नाही, सोयीचा उंबरठा आहे. ४० पैकी ६ वेळा म्हणजे बरोबर १५ टक्के, पण नमुना इतका छोटा असला की खरं प्रमाण साधारण ७ ते २९ टक्क्यांत कुठेही असू शकतं. म्हणून १४ टक्क्यांचा प्रश्न सुटला आणि १६ चा अडकला असं कुणी करू नये. मला तर टक्के हे फक्त 'आधी कुठली रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायची' याची यादी म्हणून उपयोगी वाटतात. आपल्या प्रश्नाने मात्र चारही बाजूंनी उंबरठा ओलांडला आहे, तेव्हा तिथे शंकेला जागा नाही.

आता ते ११ मोठे बदल कुणी केले ते पाहू. पाच मुलाखतकारांत ते ३, ३, ३, २ आणि ० असे वाटले गेलेत. पाचपैकी चौघांनी तेच केलं, म्हणजे बोट प्रश्नाकडे जातं. शेजारच्या दुसऱ्या एका प्रश्नात ७ मोठे बदल आहेत, १७.५ टक्के, पण त्यातले ६ एकाच व्यक्तीचे आहेत. तिथे प्रश्नाला हात लावायचा नाही, त्या व्यक्तीबरोबर बसून वाचनाचा सराव करायचा. नुसती टक्केवारी पाहिली असती तर आपण एक धड प्रश्न बिघडवला असता. मुलाखतकारानुसार फोड न करता वर्तन-कोडिंगचा अहवाल देणं ही या कामातली सगळ्यात सहज होणारी चूक आहे.

त्याहून बोलकी फोड क्रमाची आहे. प्रत्येक मुलाखतकाराच्या पहिल्या दोन मुलाखती बाजूला काढल्या तर त्या होतात १०. त्यांत मध्येच उत्तर आलं ५ वेळा, मोठा बदल फक्त १. उरलेल्या ३० मुलाखतींत मध्येच उत्तर ४ वेळा, आणि मोठे बदल १०. सुरुवातीला मुलाखतकार दुसरं वाक्य वाचायला जायचे आणि लोक त्यांना तोडायचे. दोन-तीनदा तोडलं गेल्यावर त्यांनी ते वाक्य वाचणंच सोडून दिलं. त्या ११ पैकी बहुतेक बदल ऐकले तर नेमकं तेच वाक्य गळलेलं आहे. तक्त्यावर ही दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी वर्तनं दिसतात, मूळ मात्र एकच. ९ आणि ११ मिळून २० होतात. ४० पैकी जवळपास निम्म्या लोकांना रुग्णालयाची अट ऐकूच आली नाही.

हे का होतं? मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'किती वेळा डॉक्टरांना दाखवलंत' मधलं 'दाखवलंत' कानावर पडलं की ऐकणाऱ्याच्या लेखी प्रश्न संपला, आता बोलायची पाळी त्याची. त्यानंतर जोडलेली अट म्हणजे मुलाखतकाराने समोरच्याच्या पाळीत बोलणं. लोक उद्धट म्हणून तोडत नाहीत. साध्या बोलण्याच्या रीतीप्रमाणे ते वेळेवरच उत्तर देत असतात. त्यात बऱ्याच लोकांना वर्षभरात रुग्णालयात दाखल व्हावंच लागलेलं नसतं, त्यामुळे ती अट त्यांच्यापुरती निरर्थक असते. मुलाखतकारालाही ते जाणवतं आणि तो ती गाळतो. वाक्य गळण्यामागे असं शहाणपण असलं की "मजकूर जसाच्या तसा वाचा" अशी ताकीद देऊन ते परत येत नाही.

खुलाशाच्या ८ खुणांकडे वळू. खूण एवढंच सांगते की काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला पुन्हा ऐकावं लागतं, म्हणून चांगला कोडर खुलाशाच्या प्रत्येक खुणेशेजारी तीन-चार शब्दांची टीप लिहितो. इथे तिघांनी विचारलं, "दातांचं धरू का?" दोघांनी, "फोनवर बोललो ते?" दोघांनी, "मुलाला घेऊन गेले होते तेही सांगू?" एकाने महिने किती ते परत विचारलं. दातांबद्दल तिघांनी विचारलं म्हणून अडचण तिघांचीच आहे असं मात्र नाही. उरलेल्या ३७ जणांनी विचारलं नाही, पण दात धरायचे की सोडायचे हे मनात कुणी ना कुणी ठरवलंच असणार, आणि सगळ्यांनी सारखं ठरवलं असेल असं मानायला काही आधार नाही. विचारणारे तिघे दिसतात, गप्प राहून चुकीचं मोजणारे दिसत नाहीत.

फ्लॉइड फाउलर यांनी १९९२ मध्ये संदिग्ध शब्दांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लोण्याचा एक प्रश्न होता. आठवड्यातून किती दिवस लोणी खाता, असं विचारल्यावर मार्गारिन धरायचं का असं लोक विचारत. प्रश्नातच 'मार्गारिन धरू नका' असं घातल्यावर लोणी अजिबात न खाणाऱ्यांचं प्रमाण बदललं. म्हणजे पूर्वी न विचारता मार्गारिन मोजणारेही त्यात होतेच. खुलाशाच्या खुणा हा या गप्प गोंधळाचा बाहेर डोकावणारा भाग असतो.

भलत्या स्वरूपातली ७ उत्तरं बहुतेक एकाच साच्याची आहेत: "महिन्याला एकदा जावंच लागतं." त्यावर मुलाखतकार म्हणतो, "म्हणजे बारा लिहू?" आणि समोरून "हो, लिहा." इथे उत्तर मुलाखतकाराने दिलंय, समोरच्याने मान डोलावली आहे. फक्त पहिल्या देवाणघेवाणीचं कोडिंग केलं तर हे सुचवणं नोंदलं जात नाही. संपूर्ण संभाषण कोड करायला वेळ बराच जास्त लागतो, म्हणून मी मधला मार्ग सुचवेन: सगळ्या प्रश्नांचं पहिल्या देवाणघेवाणीपुरतं कोडिंग करा, आणि भलत्या स्वरूपाची उत्तरं जास्त आलेल्या प्रश्नांचंच पुढचं संभाषण ऐका.

दुरुस्तीकडे जाण्याआधी एका गोष्टीची खात्री हवी: या खुणा कोडरच्या मनाच्या नाहीत ना? त्यासाठी काही मुलाखती दोन कोडर स्वतंत्रपणे कोड करतात. समजा १०० वाचनांत दोघांनीही प्रत्येकी १० वेळा 'मोठा बदल' म्हटलं, पण त्यातली ५च वाचनं दोघांना समान आहेत. ८५ वाचनांत दोघंही 'बदल नाही' म्हणतात. मग एकमत ९० टक्के. आकडा छान दिसतो. पण दोघांनीही डोळे मिटून १० टक्के ठिकाणी 'मोठा बदल' लिहिलं असतं तरी योगायोगानेच ८२ टक्के जुळलं असतं: ०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१. योगायोग वजा केल्यावर जुळणी उरते १८ पैकी ८, म्हणजे ०.४४. याच आकड्याला कॅपा म्हणतात. ज्या गोष्टीसाठी आपण हा खटाटोप करतोय त्या मोठ्या बदलांच्या १५ पैकी १० वाचनांवर दोघं भांडतायत, हे ९० टक्क्यांनी झाकून टाकलं होतं. अशा वेळी कोडिंग थांबवून 'किरकोळ' आणि 'मोठा' यांची रेघ पुन्हा लिहावी, आणि जुनं कोडिंग त्या रेघेने परत तपासावं.

आता प्रश्नाची दुरुस्ती. रुग्णालयाची अट सगळ्यांना ऐकवण्याऐवजी आधी एक छोटा प्रश्न घातला: "गेल्या १२ महिन्यांत तुम्हाला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं का?" 'हो' म्हणणाऱ्यांनाच मूळ प्रश्नाच्या आधी "तिथे दाखल असताना डॉक्टर तपासून गेले ते सोडून द्या" हे वाक्य वाचायचं. मूळ प्रश्न असा झाला: "गेल्या १२ महिन्यांत, स्वतःच्या तब्येतीसाठी, दातांचे डॉक्टर धरून कुठल्याही डॉक्टरांकडे प्रत्यक्ष जाऊन तुम्ही किती वेळा दाखवलंत?" सगळ्या अटी 'किती वेळा'च्या आधी आल्या. 'दाखवलंत'नंतर काहीच उरलं नाही, तेव्हा तोडायलाही काही उरलं नाही. एका अटीसाठी दोन प्रश्न झाले आणि थोडा वेळ वाढला, पण हा सौदा मला मान्य आहे.

दुरुस्त प्रश्न पुन्हा रेकॉर्डिंगवर तपासल्याशिवाय वापरू नये, कारण दुरुस्ती आपली नवी अडचण घेऊन येते. पुन्हा ४० मुलाखती: मोठे बदल ११ वरून ३, मध्येच उत्तर ९ वरून १, खुलासे ८ वरून ४. पण त्या चारांतले दोन नवीन आहेत: "डॉक्टर घरी आले होते, ते?" 'प्रत्यक्ष जाऊन' या शब्दांनी फोन बाहेर काढला आणि सोबत घरची भेटही बाहेर ढकलली. ४० पैकी २ म्हणजे ५ टक्के, उंबरठ्याच्या बरंच खाली. तरी हा खुलासा बरोबर आहे आणि दुरुस्ती सोपी, मग थांबायचं कशाला? 'प्रत्यक्ष जाऊन किंवा घरी बोलावून' केलं की झालं.

'हो, दाखल झाले होते' म्हणणारे या फेरीत ५च निघाले. त्यांना वाचलेल्या वाक्याबद्दल टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, एकाने तोडलं की लगेच २० टक्के होतात. अशा, मोजक्याच लोकांपर्यंत पोचणाऱ्या प्रश्नांसाठी पाचही तुकडे बसून ऐकणं हाच मार्ग. टक्के काढायचेच असतील तर भाजक ४० नसून तो प्रश्न जितक्यांना विचारला गेला तितकाच घ्यायचा. हे साधं वाटतं, पण तक्ता आपोआप बनवताना नेमकं इथेच चुकतं.

भलत्या स्वरूपातली उत्तरं मात्र ७ वरून ८ झाली. शब्द बदलून ती हलली नाहीत, कारण मूळ शब्दांत नव्हतंच. दर महिन्याला डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात वर्षाची बेरीज साठवलेली नसते, लय साठवलेली असते: महिन्यातून एकदा, पंधरा दिवसांनी एकदा. वर्तन-कोडिंग इथवरच आणून सोडतं. कुठे अडतंय आणि किती वेळा, हे ते पक्कं सांगतं, का अडतंय हे सांगत नाही. पूर्वचाचणीच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रेसर आणि ब्लेअर यांच्या १९९४ च्या अभ्यासात ही पद्धत फेरीगणिक सारखे निष्कर्ष देणारी निघाली. पण 'का' हवं असेल तर वेगळ्या बैठकीत चार-सहा लोकांना तोच प्रश्न विचारून "हा आकडा कसा काढलात, मोठ्याने बोलत सांगा" असं म्हणावं लागतं.

त्या बैठकीतून निघालेला तोडगा असा: 'महिन्याला एकदा' हेच उत्तर जसंच्या तसं घ्यायचं. फॉर्मवर दोन रकाने ठेवायचे, एक एकूण वेळांचा आणि एक 'दर आठवड्याला की दर महिन्याला किती वेळा' याचा. समोरचा लयीत बोलला तर मुलाखतकाराने गुणाकार करायचा नाही, दुसरा रकाना भरायचा आणि एवढंच विचारायचं, "वर्षभर असंच चालू होतं का?" तिसऱ्या फेरीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोडरने कान द्यायचा तो या एका वाक्यावर. कारण "म्हणजे बारा लिहू?" ही सवय जुनी आहे, आणि रकाना बदलला म्हणून ती लगेच जाईल असं नाही.